दिवाळीतल्या हॉलचा मुख्य उजेड कशाकडे द्यावा: लॅम्प, माळ की पणत्या?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हॉलची ट्यूब बंद करायची, एवढं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. तिच्या पांढऱ्याशुभ्र उजेडात समईची ज्योत फिकी पडते, हे डोळ्यांनाच कळतं. अडतं ते त्याच्या पुढे. ट्यूब गेली, तर बाकीची खोली कशाने उजळायची? घरात लॅम्प असतो, माळा असतात, पणत्या आणि मेणबत्त्या तर असतातच. यांतलं सगळंच लावायचं असतं. फक्त मुख्य उजेडाची जबाबदारी कुणावर टाकायची, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की बाकीचं कितीही सुंदर मांडलं तरी खोली जमत नाही. आमच्या डोंबिवलीच्या 10 बाय 16 च्या हॉलमध्ये मी तिन्ही प्रकार एकेक दिवाळी करून पाहिले आहेत, त्यावरून हे लिहितो आहे.

रिचर्ड केली नावाच्या अमेरिकन प्रकाशयोजनाकाराने 1952 मध्ये उजेडाची तीन कामं वेगळी करून सांगितली होती: खोलीभर पसरणारा मंद उजेड, एखाद्या जागी लक्ष खेचणारा उजेड आणि नुसती चमचम. मला ही विभागणी दिवाळीसाठी फार उपयोगी वाटते, कारण माळ खरी कुठे बसते ते तिच्यामुळे कळतं. माळ चमचमीसाठी आहे. तिच्याकडे बघायचं असतं, तिच्या उजेडात दुसरं काही बघायचं नसतं. हे मला पटायला मात्र एक अख्खी दिवाळी जावी लागली.

आधी पणत्या-मेणबत्त्यांचं सांगतो. ज्योतीचा रंग दुसऱ्या कशालाच येत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका मेणबत्तीचा उजेड साधारण 12 ल्युमेन असतो आणि घरातला साधा 9 वॅटचा एलईडी बल्ब 800 ते 900 ल्युमेन देतो. म्हणजे एका बल्बची जागा भरायला 70 मेणबत्त्या लागतील. आम्ही त्या वर्षी 24 लावल्या होत्या. दहा मिनिटं खोली देवळाच्या गाभाऱ्यासारखी दिसली. मग पाहुणे आले, चौदा माणसं बसली आणि कुणीतरी पंखा लावला. मुंबईच्या बाजूला दिवाळीत पंख्याशिवाय चौदा माणसं बसवणं अवघडच. वारा लागला की ज्योत आडवी होते, तेल नीट जळत नाही आणि काजळी धरते. शोकेसच्या वरच्या भिंतीवरचा काळा पट्टा पुढे रंगकामापर्यंत तसाच राहिला. बंगल्यात, उंच छताखाली, पंखा न लावता बसता येत असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. फ्लॅटमध्ये मात्र ज्योतीला एक-दोन राखीव जागा द्याव्यात, सगळी खोली तिच्यावर सोपवू नये, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी माळा. चार माळा आणल्या, वॉर्म व्हाइट, थेट प्लगमध्ये जाणाऱ्या. छताच्या कडेने फिरवल्या, एक पडद्याच्या पेलमेटमधून खाली सोडली. बटण दाबून दाबून लुकलुक बंद केली आणि सगळं स्थिर ठेवलं. दारातून पाहिलं तेव्हा खरंच छान दिसत होतं. फोटोही चांगले आले.

फराळ झाला आणि सतरंजीवर पत्ते सुरू झाले. माझी वहिनी फार झपाझप पानं वाटते. तिच्या हातातून सुटलेलं पान समोरच्यापर्यंत जाताना मला एक पान दिसेना, चार-पाच पानं एकापुढे एक पंख्यासारखी उघडल्यासारखी दिसली. आधी वाटलं दमलो असेन. मग पुतण्या म्हणाला, "काका, तुमचा हात तुटक तुटक दिसतोय." अर्ध्या तासाने आई उठून आतल्या खोलीत गेली. डोळ्यांवर ताण येतोय म्हणाली. लुकलुक तर बंद होती! मग हे काय?

कारण साधं आहे. आपल्या घरातल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात, म्हणजे ती 100 वेळा दिशा बदलते. चांगल्या एलईडी बल्बच्या बुडात हे चढउतार सपाट करणारं सर्किट असतं. स्वस्त माळेच्या त्या छोट्या डबीत ते नसतं. त्यामुळे "स्थिर" ठेवलेली माळसुद्धा सेकंदाला 50 किंवा 100 वेळा पेटते आणि विझते. टक लावून बघितलं तर हे कळत नाही. पण त्या उजेडात काही हललं, किंवा आपण नजर फिरवली, की प्रत्येक पेटण्याची वेगळी प्रतिमा उमटते. ट्यूब चालू असताना ते झाकलं जातं, म्हणून इतकी वर्षं त्याच माळा घरात असून आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. माळ एकटी खोली उजळायला लागली तेव्हाच ते उघडं पडलं.

तपासायची पद्धत सोपी आहे. खोली अंधारी करा, फक्त ती माळ लावा आणि तिच्यासमोर एक पेन्सिल भराभर डावी-उजवीकडे हलवा. पेन्सिलीचा सलग धूसर पट्टा दिसला तर माळ ठीक आहे. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर नाही. दुकानात अंधार मिळत नाही, तिथे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माळेचा व्हिडिओ काढावा. त्यात ती धपधप करताना दिसते.

यावर उपाय नाही असं नाही. यूएसबीवर चालणारी तांब्याच्या बारीक तारेची माळ मोबाइलच्या चार्जरला लावली की तिला 5 व्होल्टचा सरळ प्रवाह मिळतो आणि ती बहुधा स्थिर जळते. बहुधा म्हणतो, कारण रिमोटने उजेड कमी करता येणाऱ्या काही माळा तो कमी करण्यासाठीच मुद्दाम पेटत-विझत राहतात. शिवाय दहा मीटरच्या माळेचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा मंद दिसतं. पाच-पाच मीटरच्या दोन घेतल्या तर हे टळतं. पण एवढं करूनही माळेचे उघडे ठिपके समोर बसलेल्याच्या डोळ्यांवर येतात आणि माणसांचे चेहरे अंधारात राहतात. दिवाळीत मला चेहरे दिसायला हवे असतात.

म्हणून तिसऱ्या वर्षी लॅम्प, आणि तेव्हापासून लॅम्पच. दोन आहेत. एक उभा, सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात, वरून उघडी शेड असलेला. त्याचा उजेड छतावर आपटून खाली पसरतो, त्यामुळे सावल्या मऊ पडतात. दुसरा टेबलावरचा, समोरच्या कोपऱ्यात. शेडची खालची कडा साधारण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून 40 इंचांच्या आसपास ठेवली आहे. याहून वर गेली तर बल्ब दिसतो. बल्ब 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घेतले. 3000 चेही चालतील, पण पांढऱ्याशुभ्र 6500 चा एकही नको. ज्योतीचा रंग 1900 केल्विनच्या आसपास असतो, तेव्हा बल्ब जितका पिवळ्याकडे झुकेल तितका पणतीचा रंग त्याच्याशी जुळतो.

दोन्ही लॅम्पना 9 वॅटऐवजी 5 वॅटचे बल्ब आहेत आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखादी जागा उठून दिसायला ती आजूबाजूपेक्षा साधारण तिप्पट उजळ असावी लागते, असा प्रकाशयोजनेतला ठोकताळा आहे. मी काही मोजलं नाही. पण खोली मंद ठेवल्यावर चौरंगावरची एक समई आणि पाच पणत्या पूजेकडे नजर न्यायला पुरतात, हे दर वर्षी दिसतं. चौरंग पंख्याच्या झोतातून बाहेर, पडद्यापासून चांगला हातभर लांब ठेवतो आणि पणत्या पाणी घातलेल्या परातीत. उजेड आणखी कमी हवा तर एक लॅम्प बंद करायचा. साधा एलईडी बल्ब पंख्याच्या रेग्युलेटरवर कधी लावू नये, तो फडफडतो आणि लवकर जातो.

लॅम्पचा एक तोटा मान्य करतो. नुसत्या लॅम्पवर खोली दिवाळीची वाटत नाही, एरवीच्या रविवारसारखी वाटते. ती उणीव माळ भरून काढते, पण आता तिची जागा वेगळी आहे. यूएसबीची एक माळ जाळीच्या पडद्यामागे सोडली आहे आणि एक पितळी घंगाळात गुंडाळून ठेवली आहे. ठिपके थेट दिसत नाहीत, घंगाळाच्या काठावर त्यांची झळाळी तेवढी दिसते.

आता कामाचा उजेड. पत्ते खेळणारे खाली सतरंजीवर असतात, त्यांना सोफ्यामागचा लॅम्प पुरत नाही, काळी पानं ओळखू येत नाहीत. तेव्हा टेबलावरचा लॅम्प उचलून सतरंजीच्या कडेला बुटक्या तिवईवर आणतो, शेड थोडी खाली झुकवून. वायर भिंतीच्या कडेनेच येईल अशी बोर्डाच्या बाजूची कड निवडायची, नाहीतर फराळाचं ताट घेऊन येणारं कुणीतरी अडखळतं. आईला दिवाळी अंक वाचायचा असतो. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मंद उजेडात तिला बारीक अक्षर लागत नाही, म्हणून तिच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या किंचित मागे क्लिपचा छोटा दिवा लावला आहे. त्याचा उजेड पानावरच पडतो, खोलीत सांडत नाही.

भाड्याच्या घरात असाल, कोपऱ्यात प्लग नसेल, किंवा मांडणी फक्त फोटोपुरती आणि तासाभराची असेल, तर माळा सोयीच्या आहेत. त्या सोडा असं मी म्हणणार नाही, पेन्सिलीची परीक्षा तेवढी घ्या. पण संध्याकाळभर माणसं बसणार असतील, आणि यंदा एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल, तर मी चार नव्या माळांऐवजी वरून उघड्या शेडचा एक लॅम्प आणि 2700 केल्विनचे दोन बल्ब घेईन. पत्ते आमच्याकडे आता रात्री एकपर्यंत चालतात आणि आई शेवटच्या डावापर्यंत हॉलमध्येच असते.