बारा क्लिकचा हँड ग्राइंडर: आठ महिन्यांच्या फिरतीनंतर

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम असल्यामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस माझा मुक्काम सांगलीबाहेर, म्हणजे जत, आटपाडी किंवा विट्याच्या लॉजवर असतो. तिथे सकाळी मिळणाऱ्या कॉफीबद्दल न लिहिलेलेच बरे. म्हणून दट्ट्याने दाबून कॉफी गाळायचे एरोप्रेस, छोटी किटली आणि चिकमगळूरच्या बिया असा संसार पिशवीत घेऊन मी एसटीने फिरतो. हा अनुभव त्या संसारातल्या दोन हँड ग्राइंडरांचा आहे. पहिला चौदाशे रुपयांचा, सिरॅमिक दातांचा. दुसरा साडेपाच हजारांचा, पोलादी दातांचा.

पहिला ग्राइंडर मोडला नसता तर मी दुसरा घेतलाच नसता, हे आधी कबूल करतो. त्याचे हँडल दांड्याच्या पंचकोनी टोकावर बसत असे. सातव्या महिन्यात जतला हलक्या भाजणीच्या बिया दळताना ते टोकावरून घसरू लागले. हँडलचा पत्रा मऊ होता आणि त्याच्या भोकाचे पाचही कोपरे झिजून गोल झाले होते. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर आले, “सर, हँडल वॉरंटीत येत नाही, ते वापरानं झिजतं.” दळण्याच्या यंत्राचे हँडल वापराने झिजणार नाही तर कशाने, हा माझा प्रश्न तीन ई-मेलनंतरही अनुत्तरित आहे. सुटे हँडल त्यांच्याकडे नाही. हलकी भाजणी का, हेही सांगतो: कमी भाजलेली बी कडक असते आणि गडद भाजलेली ठिसूळ. गडद बियांवर हेच हँडल आणखी वर्षभर चालले असते.

नवा ग्राइंडर हातात आला आणि पहिल्याच आठवड्यात तो परत करण्याच्या विचारापर्यंत मी आलो. कारण एकच, त्याच्या क्लिक. दातांच्या खालची चकती फिरवली की आतला शंकू वर-खाली होतो आणि फट कमी-जास्त होते. या चकतीच्या एका फेऱ्यात फक्त बारा क्लिक, म्हणजे ती अडून थांबते अशा बारा जागा, आहेत. पाच पूर्ण फेरे फिरवून शंकू किती उतरला हे मी पट्टीने मोजले, तर ते अंतर जवळजवळ 5 मिलिमीटर भरले. म्हणजे एका क्लिकला सुमारे 0.08 मिलिमीटर. दातांच्या बाजू तिरक्या असल्यामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते, तरीही माझ्या कपात तो फरक स्पष्ट कळतो. शून्यापासून, म्हणजे दात एकमेकांना टेकतात तिथून, मोजलेल्या चौदाव्या क्लिकवर एरोप्रेसचा दट्ट्या दोन्ही हातांनी रेटावा लागतो आणि कॉफी कडवट होते. पंधराव्यावर तो एका तळहाताने सहज उतरतो आणि कॉफी पातळ, किंचित आंबट लागते. मला हवी असलेली जागा या दोहोंच्या मधोमध आहे. चकती मध्ये धरून सोडली, तर स्प्रिंगवरची गोळी शेजारच्या खाचेत ‘टक्’ करून पडते. साडेपाच हजार मोजून अर्धी क्लिक मिळू नये, याचा मला झालेला त्रास घरातल्यांनी महिनाभर ऐकला.

जुन्या ग्राइंडरच्या क्लिक याच्या निम्म्याहूनही बारीक होत्या. त्यामुळे सोय त्यातच जास्त होती, असे माझे मत बनले होते. ते एका रविवारी बदलले. जुन्याचे हँडल पक्कडीने धरून मी दोन्हींत चौदा-चौदा ग्रॅम एकाच बिया दळल्या. दट्ट्याला दोन्ही भुकट्यांचा विरोध साधारण सारखा जाणवेल, अशी जुन्याची क्लिक आधी शोधून ठेवली होती. मग दोन्ही भुकट्या रव्याच्या चाळणीतून चाळल्या. नव्याच्या भुकटीतले जेमतेम एक ग्रॅम वर राहिले. जुन्याच्या भुकटीतले जवळजवळ चार ग्रॅम राहिले आणि त्यात बियांचे चक्क चतकोर तुकडे होते, तर खाली पडलेल्यात पिठासारखा भुगा. एकाच कपात आंबट आणि कडू चव का येत होती, याचे उत्तर त्या चाळणीत होते: भरडातून अर्क पुरता उतरत नाही आणि पिठातून नको इतका उतरतो.

कारण शोधायला दोन्ही उघडून मी आतला शंकू बोटाने आडवा ढकलून पाहिला. जुन्याचा दांडा प्लॅस्टिकच्या भोकातून जातो, त्यामुळे शंकू डोळ्यांना दिसेल इतका डुलतो आणि एका बाजूची फट उघडते तेव्हा दुसऱ्या बाजूची मिटते. दळण जाडसर करायला शंकू खाली उतरवला, की हे डुलणे आणखी वाढते. नव्यात दांड्याला वर एक आणि खाली एक असे दोन बेअरिंग आहेत. त्यात बोटाला काहीच जाणवत नाही. क्लिक कितीही बारीक असली, तरी दांडा तिच्यापेक्षा जास्त डुलत असेल तर ती क्लिक नावापुरतीच. त्यामुळे विकत घेताना क्लिकचा आकडा विचारण्याआधी दांडा कशात बसवला आहे ते विचारावे, असे मी आता म्हणतो.

दातांचा आकार दोन्हींत शंकूचाच आहे. प्रवासी हँड ग्राइंडरांत बहुधा तोच असतो, कारण तो सडपातळ नळीत मावतो. फरक धारेचा आहे. सिरॅमिकच्या कडा बोथट असतात, त्या बी रगडतात. पोलादी दात कापून काढलेले असतात, ते बी तासतात. नुकतीच टाकी लावलेले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच वापरलेले जाते यांतला फरक ज्यांनी घरी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. श्रमांतला फरकही तिथूनच येतो. चौदा ग्रॅमला जुना तीन मिनिटांहून जास्त वेळ घेई आणि आटपाडीच्या लॉजवर शेजारच्या खोलीतले गृहस्थ “दळण संपलं का हो?” असे विचारून गेले होते. नवा तेवढेच काम पाऊण मिनिटात करतो. त्याच्या अंगावरच्या खरबरीत नक्षीमुळे तो ओल्या हातातूनही फिरत नाही.

मात्र तो भरीव आणि जड आहे, आणि जुना जसा एरोप्रेसच्या दट्ट्यात बसून जात असे तसा हा बसत नाही, त्यामुळे पिशवीत त्याला वेगळी जागा लागते. पोलाद धुता येत नाही, ब्रशनेच झाडावे लागते. साफसफाईसाठी खोलून पुन्हा जोडल्यावर शून्य नव्याने शोधावे लागते. चकती अलगद आवळत जावे आणि रिकामे हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडेनासे झाले, की तिथून क्लिक मोजाव्यात. आत बिया असताना चकती आवळू नये, तुकडा दातांत अडकतो आणि शून्य चुकीचे लागते. एकदा विट्याला मी असाच दोन क्लिक चुकलो होतो आणि सकाळभर दोष बियांना देत बसलो होतो.

अर्ध्या क्लिकची खंत गेलेली नाही. पण आता मी चौदावरच दळतो, बियांतले एक ग्रॅम कमी करतो आणि किटली उकळल्यावर दोन मिनिटे थांबून पाणी ओततो. कडवटपणा निघून जातो आणि दट्ट्याही फारसा अडत नाही. दर फेऱ्याला तीस क्लिकचे ग्राइंडरही मिळतात, पण त्यासाठी आणखी पैसे मोजायची माझी तयारी नाही. जुना ग्राइंडर स्वयंपाकघरात मिऱ्यांसाठी गेला आहे. सिरॅमिक असल्यामुळे तो धुता येतो, आणि त्याच्याशेजारी पक्कड कायमची ठेवलेली आहे.