‘नव्या अभ्यासक्रमानुसार’ छापलेला नीटचा प्रश्नसंच घेण्याआधी

माझी पुतणी नीटची तयारी करतेय. तिच्या वडिलांनी एका टेलिग्राम ग्रुपवरून मागच्या वर्षांच्या प्रश्नांचा संच विकत घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नव्या अभ्यासक्रमानुसार गाळून, प्रकरणवार’. पैसे आधी यूपीआयने भरले, मग पीडीएफ आली. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली. तक्रार एकच: सॉलिड स्टेटचे प्रश्न काही केल्या सुटत नाहीत.

सुटणार कसे? ते प्रकरण तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, नीटचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला आणि 2024 च्या परीक्षेपासून तो लागू झाला. रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, स्टेट्स ऑफ मॅटर, सरफेस केमिस्ट्री, हायड्रोजन, एस-ब्लॉक, धातू काढण्याचं प्रकरण, पॉलिमर, दैनंदिन जीवनातलं आणि पर्यावरणाचं रसायनशास्त्र, एवढं सगळं गेलं. संचात मात्र हे सारं जागच्या जागी होतं. बदललं होतं फक्त मुखपृष्ठ.

2020 ची प्रश्नपत्रिका उघडा, म्हणजे लगेच लक्षात येईल. 288 पिकोमीटर कडेच्या बीसीसी जालकातली अणुत्रिज्या, झीटा पोटेन्शियलवरून कलिलाचा कोणता गुण कळतो, नैसर्गिक पॉलिमर कोणता, धनभारित डिटर्जंट कोणतं: हे चारही प्रश्न त्या वर्षी आले होते आणि चारही आता बाद आहेत. हे त्या संचात होतेच, वर त्यांना ‘अति महत्त्वाचे’ असा शिक्काही होता.

भावाने विक्रेत्याला झापल्यावर त्याने माफी मागून ‘दुरुस्त आवृत्ती’ पाठवली. खरी फसवणूक या दुसऱ्या फाइलमध्ये होती, कारण ती नीटनेटकी दिसत होती. सॉलिड स्टेट गेलं होतं, पॉलिमर गेलं होतं, पण त्यांच्यासोबत अख्खा पी-ब्लॉकही गेला होता. त्याने एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून जे तिथे नाही ते उडवलं होतं. एनसीईआरटीने 2022 च्या कपातीत अकरावी-बारावीचा पी-ब्लॉक काढला हे खरं, पण एनएमसीच्या यादीत तो आजही आहे. म्हणजे पहिल्या फाइलने वेळ खाल्ला असता, दुसरीने थेट गुण. युरियापासून अमोनिया आणि त्यापासून तांब्याच्या आयनाचं गडद निळं संयुग, हा 2020 चाच प्रश्न या दुसऱ्या फाइलने उडवला होता. तो ठेवायलाच हवा.

म्हणून गाळणी एकच: एनएमसीची पीडीएफ. पुस्तकाची अनुक्रमणिका नाही, क्लासचं वेळापत्रक नाही, विक्रेत्याचे मथळे तर नाहीतच. प्रकरणाचं नाव बघून थांबू नका, खालच्या ओळी वाचा. पेपर क्रोमॅटोग्राफीचा प्रश्न घाईत ‘अधिशोषण, म्हणजे सरफेस केमिस्ट्री’ म्हणून कापला जातो. पण क्रोमॅटोग्राफी सेंद्रिय संयुगांच्या शुद्धीकरणाखाली आहे, आणि ते प्रकरण शाबूत आहे.

काही प्रश्न मध्येच अडकतात. 2020 मध्येच 7 ग्रॅम नायट्रोजन आणि 8 ग्रॅम अरगॉन असलेल्या सिलिंडरचा एकूण दाब 27 बार देऊन नायट्रोजनचा आंशिक दाब विचारला होता. प्रकरण स्टेट्स ऑफ मॅटर, म्हणजे गेलेलं. पण सोडवायला लागतं काय? 0.25 मोल आणि 0.2 मोल, त्यावरून मोल अपूर्णांक, गुणिले 27, उत्तर 15 बार. मोलची आकडेमोड अभ्यासक्रमात आहे आणि वायूंच्या समतोलात आंशिक दाब लागतोच. असा प्रश्न मी पुतणीला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवायला सांगितला. सुटण्यासाठी लागणारं सगळं चालू यादीत असेल तर ठेवायचा, एखादं सूत्र केवळ गेलेल्या प्रकरणातलं असेल तर खोडायचा.

ज्यांची मुलं एमएचटी-सीईटीही देणार आहेत, त्यांनी खोडलेली पानं फाडू नयेत. राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण सॉलिड स्टेट आहे आणि सीईटी त्या पुस्तकावर चालते. दोन परीक्षांसाठी दोन रंगांच्या खुणा करा.

गाळून झालं तरी एक भोक उरतं: जे नव्याने आलं त्याचे प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांत फारसे सापडत नाहीत. जीवशास्त्रात माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी ही वनस्पतिकुलं यादीत आली, तर रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांवरचं वेगळं प्रकरण. विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे ही दोन पानं मागा, शिवाय पी-ब्लॉकची आणि 2020 च्या रसायनशास्त्राची. तो ‘आधी पैसे’ म्हणाला तर सोडून द्या. प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्याच्याकडून विकत घेण्यासारखी होती ती फक्त गाळणी.

आमचे पैसे परत आले नाहीत. भावाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याने जपून ठेवला होता, आणि ते बरं झालं, कारण दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून जाहिरात गायब झाली.