सिलिंग फॅन उशीच्या अभ्र्याने पुसायला लागून आठ महिने झाले, जसा आला तसा अनुभव

फेब्रुवारीच्या शेवटापासून मी घरातले पंखे जुन्या अभ्र्याने पुसतेय आणि आता दिवाळीची साफसफाई काढलीय म्हणून बसून नीट लिहिते, कारण सुरुवातीला मला कुणी एवढं सांगितलं असतं तर सोफ्याचं कव्हर दोनदा धुवावं लागलं नसतं.

आमचं घर इंदूरला, रामबागेच्या बाजूला, जुन्या धाटणीचं. ओटा आणि जेवायची जागा एकाच खोलीत आहे आणि डायनिंग टेबलच्या बरोबर वर पंखा. सकाळी पोह्यांची फोडणी, रविवारी भजी नाहीतर कचोरी, त्यामुळे या पंख्यावर नुसती धूळ बसत नाही, तेलाची वाफ बसते आणि त्यावर धूळ चिकटते. बेडरूमचा पंखा आणि हा पंखा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पहिल्यांदा पुसेपर्यंत कळलंच नव्हतं. बेडरूमच्या पात्यावर राखाडी कापसासारखा थर असतो, बोट फिरवलं की गुंडाळत निघून येतो. डायनिंगच्या पात्यावर तपकिरी, मेणासारखा चिकटा, त्यात धूळ रुतलेली. नखाने खरवडलं तर नखात गोळा होतो, पण पातं काही स्वच्छ होत नाही.

आमच्याकडे थंडीत डिसेंबर, जानेवारी पंखे बंदच असतात. त्या दोन महिन्यांत वरच्या बाजूला जे साचतं ते मार्चमध्ये पहिल्यांदा स्विच दाबला की सगळं एकदम खाली. मागच्या वर्षी ते वरणाच्या पातेल्यात पडलं होतं, तेव्हापासून सासूबाई म्हणतात, "पहिला पंखा मी सांगीन तेव्हाच लावायचा." म्हणून या वर्षी पंखा लावायच्या आधी पुसायचा ठरवलं.

आधी ऑनलाइन तीनेकशे रुपयांचा यू आकाराचा लांब दांडीचा ब्रश घेतला होता. बेडरूमला तो चालतो, म्हणजे दर पंधरा दिवसांनी फिरवत राहिलं तरच. पण महिनाभराचा थर असेल तर तो अर्धी धूळ धरतो आणि अर्धी ढकलतो, आणि ढकललेली धूळ जाते कुठे, तर खालच्या गादीवर आणि तुमच्या डोळ्यांत. चिकट पात्यावर तर तो सरळ वरून घसरतो, धूळ निघते आणि चिकटा तसाच राहतो, आणि दोन दिवसांत त्यावर नवीन धूळ आधीपेक्षा लवकर बसते.

अभ्र्याची पद्धत सोपी वाटते, पण त्यात एकच जागा आहे जिथे सगळं बिघडतं, ती सांगते. नेहमीचा पंखा 1200 मिमीचा, म्हणजे मोटर सोडून एकेक पातं साधारण दीड फूट भरतं, आणि अभ्रा लांबीला सव्वादोन फुटांच्या आसपास, म्हणजे पातं पूर्ण आत जातं. जुना सुती अभ्रा घ्यायचा, सॅटिनचा नको, तो घसरतो. पातं आत घालून अभ्र्याचं तोंड मोटरपर्यंत सरकवायचं, मग एक तळवा वरून, एक खालून असं पातं दोन्ही हातांत दाबून धरायचं आणि अगदी हळू टोकाकडे ओढत यायचं. धूळ अभ्र्यातच पडत जाते. बिघडतं ते टोकाला! अभ्र्याचं तोंड पात्यापेक्षा तिप्पट रुंद असतं, दोन्ही बाजूंना सैल राहतं, आणि टोक सुटताना आपण झटका देतो तेव्हा त्या सैल बाजूने सगळं भस्सकन बाहेर येतं. मी आता सुरुवातीपासूनच ती सैल बाजू मुठीत गोळा करून ठेवते आणि टोकापाशी आले की तोंड चिमटीत घट्ट मिटूनच अभ्रा काढते. एवढं केल्यापासून टेबलावर जुनी चादर अंथरते ती जवळजवळ कोरीच निघते. अभ्रा घरात झटकायचा नाही, तोंड मिटलेलाच गच्चीत नेऊन उलटा करायचा.

आता चिकटा. पहिल्यांदा मी शहाणपणा केला की दोन कामं एकदम करू, आणि अभ्रा साबणाच्या पाण्यात पिळून थेट चढवला. सुक्या धुळीवर ओलं कापड गेलं की चिखल होतो, तो पात्याच्या कडेला लगद्यासारखा जमला आणि काळे थेंब खाली, भिंतीवर एक आणि सोफ्यावर तीन. म्हणून क्रम बदलायचा नाही: आधी तिन्ही पाती सुकी, मग दुसरा अभ्रा ओला. ओला म्हणजे एक लिटर गरम पाण्यात एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड, त्यात बुडवून इतका पिळायचा की उलटा धरला तर थेंब पडता कामा नये. स्प्रे बाटली पंख्याकडे नेऊच नका, पाणी पात्यावरून वाहत मोटरकडे जातं.

जुना थर एका ओढीत निघत नाही, आणि जोर लावून उपयोग नाही. तेल हवेत राहून राहून घट्ट होतं, कढईच्या बाहेरच्या बाजूला तो पिवळट चिवट थर बसतो ना, तसंच, नंतर ते तेल राहतच नाही, वार्निश होतं. त्यासाठी गरम ओला अभ्रा पात्याला गुंडाळून पाच-सात मिनिटं तसाच ठेवायचा, मग ओढायचा. माझ्या पहिल्या वेळी प्रत्येक पात्याला तीनदा करावं लागलं, पाणी दोनदा बदललं, एकूण पाऊण तास लागला. सगळ्यात जास्त माल असतो पात्याच्या पुढच्या कडेला, म्हणजे जी कड हवा कापते तिथे. पंखा खालून बघितला तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो, त्यावरून पुढची कड कोणती ते कळेल. तिथे एक काळी जाड रेघ असते, ती तळव्याने नाही निघत, अभ्र्यावरूनच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कड धरून सरकवावी लागते. मी पहिल्या वेळी ही रेघ सोडली होती, लांबून पंखा चकाचक दिसत होता, पण आठ दिवसांत त्या रेघेवरच पुन्हा धूळ चढली.

शेवटी साध्या पाण्याचा पिळलेला अभ्रा आणि मग कोरडा. साबण राहिला तर तोही चिकटतो. कळतं कसं, तर कोरड्या बोटाने पातं चोळून बघायचं, बोट अडत अडत गेलं तर अजून आहे, सरकन गेलं तर झालं.

शेजारच्या काकूंनी धुण्याचा सोडा सांगितला होता, चिकटा त्याने झटकन निघतो हे खरं. पण बहुतेक पाती ॲल्युमिनियमची असतात, वर रंग असतो, आणि जिथे रंग उडालेला असेल तिथे सोडा ॲल्युमिनियमला खातो. आमच्या एका पात्यावर स्क्रूजवळ रंगाचा टवका गेला होता, तिथे नंतर करडा खडबडीत डाग दिसायला लागला. खायच्या सोड्याने तसं झालं नाही, पण तपकिरी रंगावर पांढरे ओघळ सुकले ते काढायला पुन्हा शिडीवर चढले. आता दोन्ही बंद. काथ्या, तारेची घासणी, थिनर यातलं काही नको, रंगाची चमक गेली की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग धूळ आणखी धरतो.

मोटरपासून तीन-चार इंच, जिथे पातं स्क्रूने बसवलंय, तिथे अभ्रा पोचत नाही. तिथे हातात जुना मोजा घालून पुसते. मोटरला फक्त कोरडं कापड, तिच्या फटींमध्ये ओलं काही नाही.

आता जी चूक महागात पडली ती. मे महिन्यात दुसऱ्यांदा पुसल्यावर पंखा हलायला लागला, तीनवर ठेवला की टकटक आवाज. मला वाटलं वरचा हूक सैल झाला, घाबरले. इलेक्ट्रिशियन आला, त्याने काही उघडलं नाही, नुसती शिडीवर चढून फूटपट्टी घेतली, छतापासून एका पात्याच्या टोकापर्यंत अंतर मोजलं, मग पंखा हाताने फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणून मोजलं, मग तिसरं. दोन सारखी आणि एक बोटाच्या जाडीएवढं खाली. "ताई, पुसताना यावर भार दिला का?" दिला होता, तोल सांभाळायला तेच पातं धरलं होतं. त्याने हलक्या हाताने वर घेऊन स्क्रू कसले, दहा मिनिटांत काम झालं, पण पातं मुडपलं असतं तर तिन्हींचा सेट बदलावा लागला असता असं म्हणाला. तेव्हापासून खालचा तळवा नेहमी आधाराला, वरच्या हाताचा दाब तेवढाच जेवढा खालचा हात झेलेल, आणि पुसून झालं की मी स्वतः फूटपट्टीने मोजते. अजून एक, तिन्ही पाती एकाच दिवशी पुसा. एक स्वच्छ आणि दोन थर बसलेली असं ठेवलं तरी पंखा थोडा डुलतो.

स्विच बंद करून भागत नाही, मी एमसीबी पाडते, कारण आमच्या मुलाला खोलीत शिरताच पंखा लावायची सवय आहे आणि तेव्हा आई शिडीवर आहे हे तो बघत नाही. शिडी मोटरच्या खाली लावायची नाही, पात्याच्या टोकाखाली थोडी बाजूला लावायची, म्हणजे पातं तोंडासमोर येतं आणि मान मागे टाकावी लागत नाही. डोळ्यांवर चष्मा, डोक्याला ओढणी.

अभ्रे वेगळे ठेवलेत, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातलाय म्हणजे चुकून उशीवर चढायचे नाहीत. वापरून झाले की गरम पाण्यात साबण टाकून बादलीत रात्रभर भिजवते, मशीनमध्ये बाकी कपड्यांबरोबर कधीच नाही. डाग जात नाहीत, जायची गरजही नाही.

किती दिवसांनी हे विचाराल तर डायनिंगचा पंखा आता दर तीन आठवड्यांनी. थर ताजा असतो, एका ओल्या ओढीत निघतो, वीस मिनिटं पुरतात. पावसाळ्यात एकदा दीड महिना राहून गेलं तर पुन्हा गुंडाळून ठेवावं लागलं. बेडरूमला दोन महिन्यांतून एकदा नुसता सुका अभ्रा. हॉलचं छत उंच आहे, तिथे शिडीवरून माझा हात पात्याच्या वर जात नाही, तिथे ही पद्धत मला जमलेली नाही, तो पंखा दिवाळीला माणूस बोलावूनच होतो. आणि ओट्यावरचा एक्झॉस्ट असा करायला जाऊ नका, त्याची पाती छोटी आणि कडा धारदार, अभ्रा चढतच नाही, तो खाली उतरवूनच धुवावा लागतो.