लिप्पनचं किट घेताना "तुमच्याकडून काय लागेल" ही ओळ आधी वाचा

आखाजीला बहीण आणि भाची आमच्याकडे अमळनेरला आल्या होत्या, तेव्हा भाचीसाठी लिप्पन आर्टची, म्हणजे मातीच्या वळ्या आणि आरसे लावून करायच्या कच्छी नक्षीकामाची, दोन किटं लागोपाठ मागवली. दोन्हीत 12 इंची गोल एमडीएफ बोर्ड, छापलेली डिझाईन आणि आरसे. फरक मातीत आहे, आणि त्याहून जास्त लिस्टिंगमध्ये.

पहिलं किट स्वस्त. लिहिलंय बिगिनर, 2 तास, सगळं सामान आत. माती पाण्याची, हवेवर वाळणारी. रात्री नऊला बसलो, डबा उघडला तर फेविकॉलच नाही, आणि नऊला आमच्याकडे स्टेशनरीचं दुकान कुठलं उघडं असणार! म्हटलं माती ओलीच आहे, चिकटेल, म्हणून तशाच वळ्या लावल्या. कोरा एमडीएफ पाणी ओढून घेतो, वर आमची मे महिन्याची कोरडी हवा आणि डोक्यावर पंखा, सकाळी वळ्यांच्या जोडांवर केसासारख्या भेगा होत्या आणि नखाने टिचकी मारली की पोकळ आवाज येऊन तुकडा हातात. पाण्याची माती वाळताना आकसतेच, पण आधी फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून बोर्डला एक हात दिला असता तर एवढं सुटलं नसतं. ही एक ओळ लिस्टिंगमध्ये लिहायला काय जात होतं? भाची दिवसभर गप्प होती, मला ते फार लागलं.

दुसऱ्या किटमध्ये दोन भागांची माती, रेझिन आणि हार्डनर, सारखे घेऊन मळायचे. लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की फेविकॉल, टाल्कम पावडर, हातमोजे आणि ब्रश तुमचा, काम 4 तास, रंगाआधी रात्रभर वाळू द्या, लेव्हल मध्यम. वाचून जरा जड वाटलं, पण सगळं संध्याकाळीच आणून ठेवलं. पावडर बोटांना लावली की वळी चिकटत नाही आणि सारख्या जाडीची निघते. फक्त एकदम सगळी माती मळू नका, लिंबाएवढीच घ्या, कारण ही माती उन्हाळ्यात लवकर आवळते, आमची अर्ध्या तासात कडक व्हायला लागली होती. ती आकसत नाही म्हणून भेगाही नाहीत, आरसे अजून जागेवर आहेत.

अगदी लहान मुलं असतील तर पाण्याचीच माती बरी, हार्डनरने कातडीला खाज येऊ शकते, मग फेविकॉल आधी आणा आणि पंखा बंद ठेवून सावलीत हळूहळू वाळवा. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पावसाळ्यात पाण्याची माती कदाचित एवढी तडकणारही नाही. पण मोठी मुलं असतील तर मी दुसरंच घेईन, शंभर-दीडशे जास्त गेले तरी.