निळी रेघ आणि वाकलेले कठडे: आठ महिन्यांचा हिशेब

मी लघुपटांचे स्टोरीबोर्ड करते. गेले आठ महिने कच्च्या फ्रेम्स घरच्या मशीनवर, इमेज मॉडेलकडून काढते. लेन्सचे शब्द प्रॉम्प्टमध्ये घालायची खोड पहिल्याच आठवड्यात लागली. ती सुटली नाही, पण आता शब्द टाकण्याआधी फ्रेमकडे एकदा बघते.

अ‍ॅनामॉर्फिक फ्लेअरपासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात लवकर भुलवतो. खऱ्या अ‍ॅनामॉर्फिक लेन्समध्ये चित्र आडवं दाबणारी दंडगोलाकार काच असते. अंधारात तीव्र दिवा समोर आला की तिच्यामुळे आडवी, बहुतेकदा निळसर रेघ उमटते, तोच हा फ्लेअर. मॉडेलला ही काच माहीत नाही. त्या शब्दांसोबत कुठली चित्रं येतात, एवढंच त्याने पाहिलंय. त्यामुळे शब्द टाकला की रेघेबरोबर रात्र, ओला रस्ता, निऑन आणि निळा-हिरवा रंग हे सगळं वऱ्हाड येतं.

मरीन ड्राइव्हवर पाऊस थांबल्यानंतरच्या काळीपिवळीचा शॉट होता, तिथे हे वऱ्हाड हवंच होतं. त्याच आठवड्यात दादरच्या फूलबाजाराच्या भर सकाळच्या शॉटला मी तोच शब्द लावला. झेंडूच्या ढिगातून निळ्या रेघा निघाल्या आणि झेंडू शेवाळी झाला. फ्रेममध्ये दिवाच नव्हता, म्हणून मॉडेलने तो कुठूनतरी पैदा केला.

आता मी लेन्सचं नाव न लिहिता दिसणारी गोष्ट लिहिते आणि जोर कमी ठेवते:

```
taxi facing camera, wet road at night, headlights on,
(thin horizontal blue streak across headlights:0.6)
```

कंसातला आकडा म्हणजे त्या शब्दांचं वजन, 1 म्हणजे नेहमीइतकं. आकार 1536×640 ठेवते. आधी त्याऐवजी "सिनेमॅटिक वाइडस्क्रीन" असं लिहायचे, तेव्हा चौकोनी चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्याच रंगवून मिळायच्या.

चित्र आलं की एक गोष्ट तपासते. फ्लेअर लेन्सच्या आत तयार होतो, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे असायला हवा. रेघ ड्रायव्हरच्या डोक्यामागे लपली किंवा दिव्याच्या चार बोटं खालून गेली, की चित्र बाद. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक दुसऱ्या चित्रात दिसायला लागतं.

फिशआयची, म्हणजे कडा वाकवणाऱ्या अतिरुंद लेन्सची, गोष्ट वेगळी. गिरगावातल्या चाळीच्या चौकातून वर बघतानाचा शॉट त्याने झकास दिला. चारी मजल्यांचे कठडे बाहेर फुगलेले, मध्ये आभाळाचा तुकडा. खऱ्या फिशआयमध्ये मध्यातून जाणारी रेषा सरळ राहते, बाकीच्या बाहेर वाकतात. इथे मध्य रिकामा होता, माणसं कडेला आणि लहान होती, म्हणून सगळं निभावलं.

पुढचा शॉट त्याच चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आजी चुलीपाशी. मला कोंदटपणा हवा होता, म्हणून फिशआय लिहिलं. आजीचं नाक पुढे आलं, कान गायब झाले. दिग्दर्शक म्हणाला, "आजीला बुलडॉग केलंस की गं!" पण चेहऱ्यापेक्षा मोठी चूक माझ्या समजुतीत होती. इतकी रुंद लेन्स मागची भिंत लांब ढकलते, त्यामुळे खोली हॉलसारखी ऐसपैस वाटली. मग फिशआय काढून "दाराच्या चौकटीआडून, डावीकडे लटकलेले कपडे पुढे आलेले" असं इंग्रजीत लिहिलं, आणि खोली लगेच अंगावर आली.

त्या गडबडीत मी प्रॉम्प्टमध्येच `no fisheye` लिहून पाहिलं होतं. खोली अजूनच फुगली. माझ्या मॉडेलला तो "नो" कळत नाही, "फिशआय" मात्र नीट ऐकू येतं. नको असलेली गोष्ट निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या वेगळ्या खान्यातच टाकावी लागते.

नुसतं `lens distortion` लिहिणं मी सोडूनच दिलं. कधी कडांना लाल-निळी झालर, कधी वितळलेल्या खिडक्या. काय मिळेल याचा नेम नाही. वाक हवाच असेल तर चित्र सरळ काढते आणि जिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममधल्या लेन्स डिस्टॉर्शन फिल्टरने वाकवते. तिथे वाक किती हे माझ्या हातात राहतं, आणि आवडला नाही तर मूळ चित्र शाबूत असतं.

एक फटका मात्र चित्राबाहेर बसला. टॅक्सीची फ्रेम बोर्डावर बघून कॅमेरामनने अ‍ॅनामॉर्फिक लेन्सच्या भाड्याची चौकशी सुरू केली. निर्मात्याचा फोन मला आला, तोही रविवारी सकाळी. बोर्ड म्हणजे त्यांच्यासाठी सामानाची यादीच. आता अशा प्रत्येक फ्रेमखाली पेन्सिलीने लिहिते: "रेघ पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये, लेन्स साधीच."