सोलरवाल्याला पाठवलेलं पत्र: 600 युनिटचं बोलून 347 का आले?

डिचोलीत माझं छोटं दुकान आहे, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम वगैरे. सोलर बसवून फसलोय. इन्स्टॉलरला पाठवलेलं पत्र जसंच्या तसं देतोय, कुणी बसवणार असाल तर आधी वाचा.

भाऊ,

तुम्ही दुकानात बसून कागदावर हिशोब करून दिलेला, 5 किलोवॅट, एका किलोवॅटला दिवसाला 4 युनिट, म्हणजे महिन्याला 600. तो कागद अजून गल्ल्यात आहे. मार्चच्या पहिल्या 30 दिवसांत झाले 347. फोन केला तर म्हणालात वातावरण ढगाळ होतं. अहो, मार्चात गोव्यात कसले ढग, छपरावर पाय ठेववत नाही इतकं तापतं! मग म्हणालात तुम्ही नेट मीटर बघताय, दिवसा दुकानात वापरलेली वीज त्यात दिसत नाही. ते बरोबर आहे, पण मी इन्व्हर्टरवरचा आकडा सांगतोय, त्यात दुकानाची वीज पण धरलेली असते.

म्हणून रविवारी भाच्याला घेऊन वर चढलो. पॅनलच्या मागे स्टिकर असतो, पत्र्यात आणि पॅनलमध्ये वीतभर फट आहे तिथून मोबाईल आत घालून फोटो काढला. 440 वॅट. पॅनल किती, तर 8. म्हणजे झाले 3520 वॅट. साडेतीन किलोवॅट! भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर तेवढं 5 लिहिलंय, तेच दाखवून तुम्ही पैसे 5 चे घेतले. इन्व्हर्टर कितीचा पण असूदे, वीज पॅनल बनवतात ना?

तुमच्याच हिशोबाने साडेतीनचे पण 420 यायला हवे होते. उरलेले सत्तरेक कुठे गेले ते ॲपवर दिसलं. ग्राफ सकाळपासून डोंगरासारखा वर चढतो आणि अडीचला कडा कोसळल्यासारखा खाली. रोज अडीचलाच. अडीचला वर जाऊन बघितलं तर शेजाऱ्याच्या माडाची सावली बरोबर पश्चिमेकडच्या दोन पॅनलवर, आणि आठही पॅनल तुम्ही एकाच माळेत जोडलेत, त्यामुळे दोघांवर सावली पडली की अख्ख्या माळेला फटका. साइट बघायला सकाळी दहाला आलेलात, तेव्हा सावली पलीकडे होती. दुपारी परत एक फेरी मारली असती तर काय बिघडलं असतं? माड काही काल उगवला नाही.

आता एवढं करा. राहिलेले 4 पॅनल आणून द्या, ते इन्व्हर्टरच्या दुसऱ्या इनपुटवर जोडा, तो रिकामाच आहे, आणि सावलीतले दोन उचलून पूर्वेच्या टोकाला घ्या, तिथे जागा आहे, मी टेप लावून बघितलीय. जमत नसेल तर दीड किलोवॅटचे पैसे परत द्या. स्टिकरचे, ग्राफचे फोटो आणि तुमच्या हातचा कागद सोबत पाठवलाय. फोनवर नको, उत्तर लिहून द्या.