प्रपोर्शनल डिव्हायडर: आठ महिने वापरल्यावर

मी पेन्सिलने पोर्ट्रेट काढून देते. गिऱ्हाईक फोटो हातात धरून एकदा फोटोकडे, एकदा चित्राकडे बघतं आणि म्हणतं, "छान आहे, पण..." त्या 'पण'ने मला फार छळलंय. नेमकं काय चुकलं ते शोधता यावं म्हणून जुलैत हा डिव्हायडर घेतला.

दोन पट्ट्या, मध्ये सरकणारा स्क्रू, चारही टोकं अणकुचीदार. एका बाजूच्या टोकांनी फोटोवर माप घ्यायचं, की दुसऱ्या बाजूची टोकं कागदावर ते किती हवं ते दाखवतात. गुणाकार नको, पट्टी नको. पहिला प्लास्टिकचा घेतला होता, त्याचा स्क्रू काम करता करता हळूच सरकायचा. दीडपट लावला असताना 60 मिमीला 90 दाखवायला हवे, तर तो 88 दाखवायचा. आता धातूचा आहे, तरी बसण्याआधी हे 60-90 करून बघतेच.

दिवाळीआधीची एक ऑर्डर सांगते. एका बाईंना त्यांच्या आईचं चित्र हवं होतं: सत्तरीच्या आजी, डोक्यावर पदर. फोटोत केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत 84 मिमी, माझ्या कागदावर 126, म्हणजे दीडपट. नुसत्या नजरेने मला सगळं जुळलेलं वाटत होतं. डिव्हायडर लावला तर दोन बुबुळांमधलं अंतर फोटोत 32 मिमी, म्हणजे चित्रात 48 हवं. माझं 51 होतं. डोळे लांब टाकायची माझी जुनी खोड. तीनच मिलिमीटर, पण तेवढ्याने आजींची धाकटी बहीण तयार झाली होती. पदराची घडी पाच मिलिमीटर चुकली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. इथवर हे यंत्र पैसे वसूल.

छटेबाबत मात्र ते मुकं आहे. आजींच्या डोळ्यांचा पांढरा भाग मी कोरा कागद सोडला होता, कारण डोळा पांढरा असतो हे डोक्यात पक्कं. पंचिंग मशीनने एका राखाडी कार्डाला दोन भोकं पाडली आणि फोटोवर एक भोक डोळ्याच्या पांढऱ्यावर, दुसरं गालावर येईल असं धरलं. पदराच्या सावलीत ते 'पांढरं' गालापेक्षाही काळं निघालं. चित्रावर हेच करून बघा, चूक लगेच उघडी पडते. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून तपासत असाल तर फोटो आणि चित्र शेजारी ठेवून एकाच फ्रेममध्ये घ्या. वेगवेगळे काढले तर कॅमेरा दोन्हींचा उजेड आपल्या मनाने ठरवतो. आणि ट्यूबलाइटखाली 6B चमकते, काळी सावली करडी दिसते.

एवढं करून बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आईच आहे, पण आई अशी हसत नाही हो."

मी चित्र आणि फोटो दोन्ही उलटे करून बघितले. काही सापडेना, आणि सापडणार नव्हतंच. 1980 मध्ये पीटर थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढं उलटं चिकटवलं होतं. अख्खा चेहरा उलटा धरला की तो बराचसा नेहमीसारखा वाटतो, सुलटा केला की भेसूर. उलटं धरून रेषा आणि अंतरं छान तपासता येतात, भाव नाही. भाव सुलटाच बघायला हवा.

मग मी फोटोतल्या आजींची जिवणी कागदाच्या चिठोऱ्याने झाकली. तरी त्या हसतच होत्या. माझ्या चित्रात जिवणी झाकली, तर हसू गायब! मी ओठांचे कोपरे वर ओढून हसवलं होतं. फोटोत कोपरे जवळजवळ सरळ होते. हसू होतं खालच्या पापणीच्या फुगीर कडेत आणि तिच्याखालच्या सावलीत. कोपरे जेमतेम दीड मिलिमीटर खाली आणले, पापणीखाली 2B चे दोन हलके हात दिले. एवढं बारीक काम डिव्हायडरच्या टोकांना जमत नाही: फोटोवर 1 मिमी चुकलं की कागदावर दीड होतं. शिवाय टोकं रुतून कागदावर खळगे पडतात आणि त्यांवर ग्रॅफाइट फिरवलं की ते ठिपके होऊन दिसतात. मी हल्ली टोक न टेकवता वरूनच बघते.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी फोटो पिशवीतून काढलाच नाही.

एक फसगत मात्र अजून होते. सेल्फीवरून माप घेतलं तर डिव्हायडर इमानदारीने सेल्फीच उतरवतो. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं, कान मागे जातात. मापं तंतोतंत जुळतात आणि घरचे म्हणतात, नाक केवढं काढलंय! म्हणून आता ऑर्डर घेतानाच निदान दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो मागते.